दर्शना मॅडमची चौथी बॅच

मी कुणाची तोंडभरून स्तुती करणारी बाई नाही. माझ्या सासूला विचारा, कळंबमध्ये घरोघर सांगत फिरते, "आमची संध्या म्हंजे तोंडाची फटकळ." तरी दर्शनाबद्दल बोलायचं तर आधी एक चांगलं वाक्य बोलून घेते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. तिच्यासारखी शिकवणारी मी पाहिली नाही. आणि तेच तिच्या मुळावर आलं.

दर्शना गायकवाड पोशीरची. वडील श्रीपत गायकवाड एसटीतून रिटायर झालेले, आई भीमाबाई घरचं थोडं भातशेत बघायची. पोरगी नर्सिंगला पहिली आली, नवी मुंबईत तीन वर्षं आयसीयूत काम केलं आणि मग जर्मनीला जायचं म्हणून आमच्या कुंभिवलीच्या सेंटरला दाखल झाली. सेंटर म्हणजे हायवेला टायरच्या दुकानावरचे दोन मजले. खालच्या मजल्यावर वर्ग, वरच्या मजल्यावर आम्हा नर्सांचं हॉस्टेल. जर्मन शिकवायचं, परीक्षेला बसवायचं, तिकडच्या वृद्धाश्रमाशी मुलाखत लावून द्यायची, सगळं मनोज सरांच्या एजन्सीचं. मनोज सरांना स्वतःला जर्मन म्हणाल तर "गुटेन टाग" एवढंच. त्याच्यापुढे बोलायचं झालं की सर दर्शनाकडे बघायचे.

बी-टूची, म्हणजे तिकडं जायला लागणारी जर्मनची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच निघून जायची. पण त्याच आठवड्यात आधीचे शिकवणारे सर सोडून गेले आणि मनोज सर म्हणाले, "मॅडम, एवढी एक बॅच काढून द्या. पुढच्या मुलाखतीत पहिलं नाव तुमचं." दर्शनाला नाही म्हणता येत नाही, हा तिचा जुना आजार. एक बॅच काढली. चौदापैकी अकरा पास झाल्या, ह्या सेंटरच्या इतिहासात नाही झालं असं. मग दुसरी बॅच, मग तिसरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं. पहिली गेली, दुसरी गेली, तिसऱ्या बॅचच्या पोरी तिकडून बर्फातले फोटो टाकायला लागल्या, आणि मॅडम आपल्या फळ्यापुढे. तिचा पासपोर्ट, डिग्री, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळे मूळ कागद सरांच्या लोखंडी कपाटात. आमचेही तिथेच होते. "डॉक्युमेंटेशनसाठी लागतात," एवढंच उत्तर. हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी सातला बंद, ते "तुमच्या सुरक्षेसाठी."

मी चौथ्या बॅचला आले ते कर्जतच्या एका क्लासात दोन वर्षं घालवून. वय चौतीस. कर्जतच्या एका छोट्या हॉस्पिटलातली दहा वर्षांची नोकरी सोडून. नवरा सहदेव रिसॉर्टवर माळीकाम करतो, गरीब माणूस आहे, तो काही बोलला नाही. सासू बोलली. "दोनदा बस परीक्षेला. नाय झालं तर गुमान घरी ये. रिसॉर्टवाल्यांना खोल्या साफ करायला बाय पायजेच हाय." त्या क्लासातून मी दोनदा बसले. बोलण्यात पास, ऐकण्यात पास, वाचण्यात पास. लेखनात एकदा चोपन्न, एकदा सत्तावन्न. साठ लागतात. सहदेवनं आईच्या हातापाया पडून तिसरी संधी मागून घेतली, तेव्हा मी इथं आले. तिसऱ्यांदा नापास झाले असते तर चादरी बदलायला उभी राहिले असते, ह्यात तीळमात्र शंका नव्हती.

माझं घोडं कुठं अडत होतं, ते दर्शनानंच शोधून काढलं. मी पत्रात "पेशंटची मुलगी" असं लिहायला जायची आणि चुकायची. दरवेळी तीच चूक. एका दुपारी तिनं माझे दोन्ही जुने पेपर आठवून लिहायला लावले, आणि हसली.

"ताई, तुम्ही जर्मनमध्ये चा-ची-चे लावता."

"मग काय लावू? षष्ठीच हाय ना ती?"

"षष्ठीच आहे. पण आपण म्हणतो पेशंटचा मुलगा, पेशंटची मुलगी. मुलगी आली की ची. म्हणजे आपण पुढच्या शब्दाकडे बघतो. ते उलटं बघतात. मुलगी कुणाची, त्या माणसाकडे बघायचं. पेशंट पुरुष असेल तर देस, बाई असेल तर देर. मुलगा असो की मुलगी, त्याच्याशी देणंघेणं नाही."

तिनं फळ्यावर लिहिलं. डी टोख्टर देस पात्सिएंटेन, पुरुष पेशंटची मुलगी. डी टोख्टर देर पात्सिएंटिन, बाई पेशंटची मुलगी. मग मुलगी पुसून मुलगा लिहिला, देस आणि देर जागचे हलले नाहीत. मी दोन वर्षं "टोख्टर" बाई म्हणून पुढे देर ठोकत होते आणि "झोन", म्हणजे मुलगा, पुरुष म्हणून देस. ह्या एका खोडीनं माझी दोन वर्षं खाल्ली. मला रडू आलं, खरं सांगते. कुणी सांगितलंच नव्हतं. कर्जतच्या सरांनी नुसता तक्ता घोकून घेतला होता, तो मला आजही झोपेत उठवलं तरी येतो.

मग तिनं मला पाच आठवडे धरलं. रोज सकाळी वर्गाच्या आधी एक तास, फक्त आम्ही दोघी. पुरुषी नाहीतर नपुंसक शब्द असेल तर त्याच्या शेपटाला एस लागतो. डॉक्टरची सही म्हणजे डी उंटरश्रिफ्ट देस आर्त्स्टेस. खोलीचं दार म्हणजे डी ट्यूर देस त्सिमर्स. बायकी शब्दाला काही लागत नाही. पात्सिएंटसारखे थोडे शब्द एसऐवजी एन घेतात, ते वेगळे पाठ करा. काही शब्द आले की मागून षष्ठी आलीच पाहिजे: वेगेन म्हणजे मुळे, वेरेंड म्हणजे दरम्यान, ट्रॉत्स म्हणजे असूनही. "आइनेस टागेस" म्हणजे एके दिवशी, ती पण षष्ठीच, पण ती गोठलेली, तिला हात लावायचा नाही.

माणसाच्या नावाला तर नुसता एस. अनाची पिशवी, अनास टाशे. "ही सगळ्यात सोपी," ती म्हणाली. मी म्हटलं, सोपी तेवढीच मला येणार.

वर्गात सुरभी म्हणून बावीस वर्षांची खोपोलीची पोरगी होती, रील बघून जर्मन शिकलेली. ती एकदा म्हणाली, "मॅडम, तिकडं कुणी हे देस-बिस बोलत नाही. षष्ठीच्या जागी सगळे फॉन बोलतात. डी टोख्टर फॉन देम पात्सिएंटेन. वेगेनला पण वेगेन देम म्हणतात. मग आपण कशाला मरायचं?"

दर्शना चिडली नाही. ती चिडतच नसे, मलाच तिच्या वाटचं चिडायला लागायचं. म्हणाली, "बरोबर आहे तुझं. आजीबाईला अंघोळ घालताना फॉनच म्हण. तिथं देस म्हणालीस तर आजीला वाटेल सरकारी पत्र वाचतेय. पण रिपोर्ट लिहिताना, डॉक्टरला पत्र लिहिताना षष्ठी. परीक्षेच्या पेपरवर फॉन दिसला की त्यांना वाटतं हिला लिहायचं कळत नाही. आणि कागदावर पण एक जागा आहे जिथं फॉनच लागतो. नुसत्या जखमा म्हणायचं असेल, कुठल्या ते न सांगता, तर 'जखमांची काळजी'ला फेरझोर्गुंग फॉन वुंडेनच. कारण पुढे देर-बिर काही नसलं तर षष्ठी दिसणार कशी?"

हे तिनं कुठून शिकलं? पुस्तकातून. तिचं सगळं पुस्तकातून. ह्या बाईनं बोलायला जर्मन माणूस पाहिलाच नव्हता, मुलाखतीतले पाच-दहा सोडले तर. म्हणून ती बोलायची तेसुद्धा लिहिल्यासारखं. फॉन कुठं वापरायचा ते दुसऱ्यांना शिकवायची आणि स्वतः चहा मागतानाही देस.

फेब्रुवारीत एकदा ती मनातलं माझ्याजवळ बोलली. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली ट्रक लाइनीत उभे. म्हणाली, "ताई, आई रोज फोनवर विचारते, कधी? आता तर विचारत पण नाही, नुसती जेवलीस का विचारते. ते जास्त लागतं." मग म्हणाली, "मी ठरवलंय. ह्या वेळी मुलाखतीत निवड झाली ना, तर दुसऱ्या दिवशी कागद मागून घेणार आणि पोशीरला जाणार. व्हिसा येईपर्यंत तिकडंच. ह्या इमारतीत एक रात्र जास्त नाही. श्वास कोंडतो माझा इथं."

मी म्हटलं, "जा गं बाई. कुणी धरलंय?" तोंडानं म्हटलं. मनात मात्र तारखा मोजत होते. माझी परीक्षा बारा मार्चला होती, आणि मुलाखत वीस फेब्रुवारीला.

आता मुलाखतीचं सांगते. नीट सांगते, कारण त्यातली एक गोष्ट माझ्याशिवाय आणि दर्शनाशिवाय कुणाला माहीत नाही.

जर्मनीच्या दक्षिणेतल्या एका गावातला वृद्धाश्रम. त्याच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर, पन्नाशीच्या, आखूड केस, भराभर बोलणाऱ्या. त्यांना दोन जणी पाहिजे होत्या. सरांच्या ऑफिसात लॅपटॉपपुढे मी आणि दर्शना शेजारी शेजारी, आणि बाजूला मनोज सर, कॅमेऱ्यात यायला नको म्हणून थोडे तिरके बसलेले. आधी माझं झालं. बाईंनी विचारलं, आजी जेवत नसेल तर काय करशील. मी फॉन, देम, हातवारे, सगळं टाकून सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, लेखन पास झालं की तुमची जागा पक्की.

मग दर्शना. तिनं पडून जखमी झालेल्या आजोबांचं सांगितलं, पहिल्या मिनिटापासून डॉक्टर येईपर्यंत. मला ऐकताना अभिमान वाटला. एक अक्षर चुकलं नाही. फ्राऊ लिंडनर चष्मा काढून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तर पुस्तकासारखं बोलता. आमच्या म्हाताऱ्यांत आठ दिवस राहिलात की तुम्हीपण फॉन म्हणायला लागाल." आणि म्हणाल्या, "मला तुम्ही हव्यात. कागद आजच सुरू करूया."

दर्शना खुर्चीत पुढे सरकून बसली.

"काय म्हणते बाई?" मनोज सर.

"निवड झाली म्हणतात. कागद आजपासून सुरू करू म्हणतात."

सर आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "छान. अभिनंदन. त्यांना सांगा, चालू बॅचची परीक्षा आणि जूनची नवी बॅच आहे, त्यामुळे आपलं डिसेंबरनंतर बघू. ही जागा धरून ठेवा म्हणावं. माझ्याकडनं सांगू नका, तुम्हीच तुमची अडचण म्हणून सांगा. बरं दिसतं."

म्हणजे बघा. तिला कोंडायचं, आणि कडीही तिच्याच हातानं लावून घ्यायची. आणि सरांना जर्मन येत नाही! दर्शना काहीही बोलू शकली असती. मला इथून ने म्हणाली असती तरी सरांना कळलं नसतं. मी मनात ओरडत होते, बोल बये, बोल.

ती बोलली. सरांचंच बोलली. जसंच्या तसं, सुंदर षष्ठी घालून. "वेगेन देस लाउफेंडेन कुर्सेस," चालू वर्गामुळे, माझं येणं डिसेंबरनंतरच शक्य आहे. दोन वर्षं सरांचं बोलणं जर्मनमध्ये करता करता तिला सांगितलेलं तसंच्या तसं मांडायची इतकी सवय लागली होती की स्वतःच्या बाबतीतसुद्धा तिचा शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

फ्राऊ लिंडनर मूर्ख नव्हत्या. त्यांनी चष्मा परत घातला आणि हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "ही तुमची इच्छा आहे, की तुमच्या साहेबांची?" त्यांनी बोलीतलं फॉनच वापरलं, फॉन इरेम शेफ. सर दर्शनाच्या चेहऱ्याकडे बघत होते. भाषा नाही कळली तरी "शेफ" त्यांना कळलं असावं. ते पुढे सरकले. "काय विचारते?"

दर्शनानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. किती वेळ? तीन सेकंद असतील. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. ती स्वतः बोलली असती तर सरांनी तोंडावरून ओळखलं असतं, आणि कपाटाची चावी सरांच्या खिशात. मी बोलले असते तर कुणाला कळलं नसतं. मी फटकळ. माझ्या तोंडावर कायमच भांडण असतं.

फ्राऊ लिंडनरनीही माझ्याकडेच बघितलं. "फ्राऊ भोईर, तुम्ही तिच्या मैत्रीण आहात. तुम्ही सांगा."

बारा मार्च. वीस दिवस. रोजचा सकाळचा तास. सत्तावन्न मार्क. कळंबच्या रिसॉर्टमधल्या चादरी. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि ते येऊन जायच्या आत माझं तोंड उघडलं होतं.

"दास इस्ट दर्शनास वुन्श," मी म्हटलं. ही दर्शनाचीच इच्छा आहे.

एकही चूक नाही. फ्राऊ लिंडनरनी खांदे उडवले, बरं म्हणाल्या, जागा धरून ठेवते म्हणाल्या. सरांनी विचारलं, "काय ठरलं?" आणि दर्शनानं त्यांना मराठीत सांगितलं, "डिसेंबरनंतर चालेल म्हणतात."

त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं दुसऱ्या दिवशी सकाळचा तास बंद. मी आपली वही घेऊन खाली गेले, म्हटलं बघू तरी. ती आधीच येऊन बसली होती. फळ्यावर तारीख लिहिलेली. म्हणाली, "तक्रारीचं पत्र राहिलंय तुमचं." आणि शिकवलं. रोज शिकवलं, बारा मार्चपर्यंत, एक दिवस चुकवला नाही. त्या मुलाखतीचा विषय मी एकदाही काढला नाही. तिनंही नाही. त्या वीस दिवसांत मला जितकं आलं तितकं दोन वर्षांत आलं नव्हतं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, माझी तर गरज सरलीही नव्हती तेव्हा मी ते केलं होतं.

लेखनात मला एकाहत्तर मिळाले.

ऑगस्टमध्ये व्हिसा आला. सरांनी कपाट उघडून माझे कागद दिले. पासपोर्टांच्या थप्पीतून माझा काढताना वरचे तीन-चार बाजूला ठेवले, त्यात तिचा होता, कोपरा दुमडलेला. कपाट परत बंद केलं. मी माझे कागद पिशवीत घातले. सहदेव खाली रिक्षा घेऊन आला होता, बॅगा चढवत होता. दर्शना जिन्यापर्यंत आली. वर्गात पाचवी बॅच बसलेली, आवाज येत होता.

मी म्हटलं, "दर्शना, त्या दिवशी..."

"माहिती आहे ताई." ती म्हणाली. "तुमची परीक्षा होती."

"तू मग मला शिकवलंस कशाला? हाकलून द्यायचं की मला."

"मला वाटलं, तुम्ही पास झालात की तिकडं जाऊन त्यांना खरं सांगाल," ती म्हणाली. मग आतून कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारली, आणि ती गेली.

आता मी तिकडंच आहे. चार महिने झाले. फ्राऊ लिंडनर माझ्या साहेब आहेत, चांगली बाई आहे. सहा महिने मला बिनकारण काढून टाकायचा हक्क त्यांना आहे, करारात लिहिलंय, आणि लिहिलेलं मला आता नीट कळतं. इथं खरंच सगळे फॉन म्हणतात. डिसेंबर लागल्यावर परवा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, फ्राऊ गायकवाडला अजून तिकडंच थांबायचंय का, की मी कागद काढू?

मी म्हटलं, विचारून सांगते.

अजून विचारलेलं नाही.